न्यूनोक्ती, लिटोटीज आणि उपरोध
‘तिन्ही सारखंच वाटतं, निबंधात फरक कसा दाखवू?’

एक प्रसंग घ्या. नाव बुडाली, सगळे पोहत काठाला लागले. नावाडी म्हणतो, ‘थोडं पाणी आत आलं.’ घडलं त्याहून फार कमी करून सांगितलंय, ही न्यूनोक्ती. निवेदक लिहितो, ‘प्रवास अगदीच कोरडा झाला नाही.’ इथे ‘ओला’ न म्हणता ‘कोरडा’ नाकारलाय, म्हणून लिटोटीज. त्यात न्यूनोक्तीही आहेच, कारण लिटोटीज ही वाक्याची रचना आहे आणि न्यूनोक्ती हा तिचा परिणाम. प्रवासी नावाड्याला म्हणतो, ‘काय सुखरूप पोचवलंत!’ हा उपरोध, तो कुणाला तरी टोचतो.

निबंधात नुसतं नाव देऊन थांबू नका, गुण तिथेच जातात. आधी खरं काय घडलं ते लिहा, मग नेमका शब्द उचला. ‘थोडं’ या एका शब्दात नावाड्याची चूक झाकायची धडपड दिसते, आणि हसू तिथूनच येतं.