मदत हवी आहे : वडिलांचे आणि काकांचे शेअर माझ्या नावावर करायचे आहेत; कागदपत्रे, मुद्रांक आणि रजिस्टरमधील नोंदी यांचा क्रम कसा असावा?

दालवाला_लातूर (धागाकर्ता)

नमस्कार. लातूरच्या एमआयडीसीत आमची तूर आणि हरभऱ्याची दालमिल आहे आणि ती १९९८ पासून प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावाने चालते. कंपनीचे दहा रुपये दर्शनी किमतीचे एकूण १,००,००० शेअर असून त्यांपैकी वडिलांकडे ६०,०००, आईकडे १०,००० आणि धाकट्या काकांकडे ३०,००० आहेत. माझ्या नावावर आजवर एकही शेअर नाही, पण कारखान्याचे रोजचे काम गेली काही वर्षे मीच पाहतो.

वडिलांचे वय झाले आहे. त्यांना २५,००० शेअर मला आणि १०,००० शेअर माझ्या पत्नीला विनामोबदला द्यायचे आहेत. काका मात्र त्यांच्यापैकी १२,००० शेअर मला प्रत्येकी ८५ रुपये दराने विकणार आहेत, कारण त्यांना मुलाच्या शिक्षणासाठी पैसे हवे आहेत. घरात यावर सर्वांचे एकमत आहे, त्यामुळे वादाचा प्रश्न नाही. अडचण कागदपत्रांची आहे. आमचे हिशेबनीस म्हणतात की शेअर हस्तांतरणाच्या एसएच-४ फॉर्मवर सर्वांच्या सह्या आताच घेऊन ठेवाव्यात, तारखेची जागा कोरी सोडावी आणि सवडीने मुद्रांक लावून नोंद करावी. मला ते पटत नाही, पण चूक नेमकी कुठे आहे हे सांगता येत नाही. मुद्रांक किती लागेल, भेटीवर लागतो का, आणि नोंदी कुठे व किती दिवसांत कराव्यात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

बीडचा_वाचक

दादा, भेटीची काळजी करू नका. रक्ताच्या नात्यात बक्षीसपत्राला महाराष्ट्रात २०० रुपयांचा मुद्रांक पुरतो. आम्ही आमच्या शेतीचे बक्षीसपत्र असेच केले आहे. काकांच्या विक्रीला मात्र शंभराला पंचवीस पैसे या दराने मुद्रांक लागेल, म्हणजे तुमच्या १०,२०,००० रुपयांवर २,५५० रुपये. तेवढी शेअर ट्रान्सफरची तिकिटे फॉर्मच्या पाठीमागे चिकटवा, म्हणजे काम झाले.

सनद_संभाजीनगर

मी छत्रपती संभाजीनगर येथे कंपनी सेक्रेटरी म्हणून काम करते. बीडच्या बंधूंनी तिकिटे कुठे लावायची ते बरोबर सांगितले आहे, पण दोन्ही दर दुरुस्त करावे लागतील. पंचवीस पैशांचा दर जुना झाला. १ जुलै २०२० पासून शेअरच्या हस्तांतरणावर देशभर एकच दर आहे, तो म्हणजे मोबदल्याच्या ०.०१५ टक्के. १०,२०,००० रुपयांवर तो अवघा १५३ रुपये होतो आणि तो देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची, म्हणजे काकांची असते. दोनशे रुपयांची सवलत राहते घर आणि शेतजमीन जवळच्या नात्यात दिली तरच मिळते, शेअरला ती लागू नाही.

भेटीबाबत माझे मत असे आहे की मुद्रांक कायद्याने हे शुल्क फॉर्ममध्ये लिहिलेल्या मोबदल्यावर बसवले आहे, आणि मोबदलाच नसेल तर शुल्क कशावर मोजणार? डीमॅटमधील भेटीवरही डिपॉझिटरी हे शुल्क घेत नाही. म्हणून वडिलांच्या दोन्ही फॉर्मांत मोबदल्याच्या रकान्यात ‘शून्य, नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी भेट’ असे स्पष्ट लिहावे. तो रकाना मोकळा सोडू नये, कारण मोकळा रकाना पाहून पुढे कोणीही शंका काढू शकतो.

आता हिशेबनीसांच्या सल्ल्याविषयी. एसएच-४ फॉर्म सही झाल्याच्या तारखेपासून ६० दिवसांच्या आत कंपनीकडे पोहोचला पाहिजे. तारीख कोरी ठेवण्याची पद्धत या मुदतीला बगल देण्यासाठीच पडली आहे आणि जोवर घरात गोडवा आहे तोवर ती पकडली जात नाही. पण समजा, फॉर्म कपाटात असतानाच देणाऱ्याचे निधन झाले, तर मागाहून घातलेल्या तारखेचा कागद म्हणजे मृताच्या सहीवर बांधलेले हस्तांतरण ठरते. साक्षीदाराला विचारले की सगळे उघडे पडते. शिवाय तिकिटे लावली असतील आणि त्यांवर रेघ मारून ती रद्द केलेली नसतील, तर कायद्याच्या नजरेत तो फॉर्म बिनमुद्रांकित असतो आणि अशा फॉर्मवर कंपनीने नोंद करायची नसते. जुने फॉर्म तपासताना मला सर्वाधिक वेळा हाच दोष दिसतो : तिकिटे कोरी करकरीत, जणू उद्या सोडवून दुसरीकडे लावायची आहेत.

मुद्रांक आधी, सही आणि तारीख त्याच दिवशी, आणि फॉर्म मूळ शेअर सर्टिफिकेटसह लगेच कंपनीत, असा क्रम ठेवा.

नांदेड_गोदाकाठ

ताई, माझाही असाच प्रश्न आहे. माझे वडील मागच्या वर्षी वारले. त्यांच्या कंपनीतील शेअरसाठी एसएच-४ वर सही कोणाची घ्यावी? आई करू शकते का?

सनद_संभाजीनगर

आपले प्रकरण वेगळे आहे. निधनानंतर शेअर वारसांकडे जातात तेव्हा एसएच-४ लागत नाही आणि मुद्रांकही लागत नाही. वारस कंपनीकडे अर्ज करतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि नामनिर्देशन, मृत्युपत्र किंवा वारसाहक्काचा कागद यांपैकी जे असेल ते जोडतो. कृपया स्वतंत्र धागा काढावा, म्हणजे येथे गुंता होणार नाही.

दालवाला_लातूर

ताई, मनापासून आभार. वडिलांचे ६०,००० शेअरचे एकच सर्टिफिकेट आहे. त्यातून दोघांना वेगवेगळे शेअर कसे द्यायचे? आणि कंपनीची जुनी नियमावली पाहिली, तर तिच्यात असे आहे की सभासदाला आपली पत्नी, मुलगा, मुलगी किंवा सून यांच्या नावे शेअर करता येतात. इतर कोणाला विकायचे असतील तर ते आधी बाकीच्या सभासदांना देऊ करावे लागतात. पुतण्याचा उल्लेख त्यात कुठेच नाही.

सनद_संभाजीनगर

नियमावली वाचलीत हे फार बरे झाले. लोक ती शेवटी उघडतात.

वडिलांच्या भेटींना अडथळा नाही, मुलगा आणि सून दोन्ही यादीत आहेत. काकांची विक्री अडकू शकते, कारण तुम्ही पुतण्या आहात आणि आज सभासदही नाही. म्हणून आधी वडिलांच्या भेटीची नोंद पूर्ण करून घ्या. त्यानंतर तुम्ही सभासद झालेले असाल आणि काकांचे शेअर बाहेर जात नसून एका सभासदाकडून दुसऱ्याकडे जात आहेत असे होईल. तरीही ‘देऊ करण्याचा’ हक्क वडील, आई आणि तुमची पत्नी यांनाही पोहोचतो, तेव्हा तिघांकडून ‘हे शेअर आम्हाला घ्यायचे नाहीत’ असे लेखी घेऊन ठेवा. एका कागदाने पुढची भांडणे वाचतात.

सर्टिफिकेटचे सांगायचे तर प्रत्येक शेअरला अनुक्रमांक असतो. समजा वडिलांचे क्रमांक १ ते ६०,००० आहेत. तुमच्या फॉर्ममध्ये ३५,००१ ते ६०,००० आणि पत्नीच्या फॉर्ममध्ये २५,००१ ते ३५,००० असे लिहावे. वडिलांकडे १ ते २५,००० उरतील. घेणारे दोन म्हणजे फॉर्मही दोन. जुने सर्टिफिकेट कंपनीकडे जमा होऊन रद्द होईल आणि त्याच्याऐवजी तीन नवीन निघतील. सही करण्यापूर्वी सर्टिफिकेट, फॉर्म आणि सभासद रजिस्टर या तिन्ही ठिकाणचे क्रमांक शेजारी ठेवून ताडून पाहा. १९९८ च्या कंपनीत कधीतरी हाताने लिहिलेल्या रजिस्टरातील एखादा आकडा सर्टिफिकेटशी जुळत नाही आणि मग आधी तीच दुरुस्ती करावी लागते.

संचालक मंडळाने हस्तांतरण मंजूर करताना ठरावात देणारा, घेणारा, शेअरची संख्या आणि क्रमांक यावेत. मंजुरीनंतर ७ दिवसांच्या आत एमजीटी-१ या सभासद रजिस्टरात नोंद झाली पाहिजे. त्यात वडिलांच्या पानावर ३५,००० शेअर कमी झाल्याची आणि तुम्हा दोघांच्या नव्या पानांवर शेअर आल्याची नोंद, तारखेसह, करायची असते. फॉर्म मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत नवी सर्टिफिकेट हाती द्यायची. रजिस्ट्रारकडे या हस्तांतरणासाठी वेगळा फॉर्म भरायचा नसतो. वर्षाच्या वार्षिक विवरणपत्रात ते दाखवले जाते. म्हणून रजिस्टर नीट नसेल तर चूक थेट विवरणपत्रात उतरते.

जालना_पोलाद

ताईंच्या सांगण्यात एक भर घालतो. आमची पोलादाची कंपनी ‘लहान कंपनी’च्या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे शेअर आधी डीमॅट करावे लागले आणि मगच ते भावाच्या नावे करता आले. कागदी एसएच-४ आमच्याकडे चाललाच नाही. दालमिलचे वसूल भांडवल आणि उलाढाल आधी तपासून घ्या. भांडवल दहा लाख असले तरी उलाढाल पाहावीच लागते, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मर्यादा वाढल्या आहेत.

सनद_संभाजीनगर

योग्य मुद्दा. त्यात एवढेच जोडते की कंपनी दुसऱ्या कंपनीची उपकंपनी असेल, तर आकडे कितीही लहान असले तरी ती लहान कंपनी ठरत नाही.

दालवाला_लातूर

आमची उलाढाल मर्यादेच्या आतच आहे, उपकंपनीचाही प्रश्न नाही. काकांच्या ८५ रुपये दराबाबत काही अडचण आहे का? आमच्या ताळेबंदावरून सीएंनी एका शेअरची किंमत ११० रुपये काढली आहे.

सनद_संभाजीनगर

अडचण आहे, पण ती तुम्हाला नसून काकांना आहे. वडिलांचा भाऊ हा प्राप्तिकराच्या दृष्टीने तुमचा ‘नातेवाईक’ आहे, त्यामुळे स्वस्तात शेअर मिळाले म्हणून तुमच्यावर कर येत नाही. काकांच्या भांडवली नफ्याला मात्र नात्याची सवलत नाही. असूचीबद्ध शेअर वाजवी किमतीपेक्षा कमी दराने विकले, तर विक्रीची किंमत वाजवी किमतीएवढी धरली जाते. म्हणजे हातात ८५ येतील आणि नफा ११० वर मोजला जाईल. १२,००० शेअरवर हा फरक ३,००,००० रुपयांचा होतो. काकांना हे सही करण्यापूर्वी सांगावे, नंतर कळले तर कटुता येते. रक्कम बँकेतूनच द्यावी.

आणखी एक. वडिलांनी सुनेला दिलेल्या शेअरवर लाभांश आला, तर तो वडिलांच्याच उत्पन्नात धरला जाईल. कर त्यांनाच भरावा लागेल, एवढे ध्यानात ठेवून १०,००० चा आकडा ठरवा.

बीडचा_वाचक

दर बदलला हे मला माहीत नव्हते, आभार. पण भेटीसाठी वेगळे बक्षीसपत्र नको का? आमच्या वकिलांच्या मते शेअर ही जंगम मालमत्ता आहे आणि बक्षीसपत्रावर महाराष्ट्राचा मुद्रांक टक्क्यांत बसतो, कुटुंबातही ३ टक्के.

सनद_संभाजीनगर

आपल्या वकिलांचा मुद्दा अगदीच निराधार नाही. माझ्या मते शेअरच्या हस्तांतरणावरचे शुल्क केंद्राच्या दराने ठरते आणि एसएच-४ मध्येच भेट नोंदलेली असेल तर त्याच व्यवहारासाठी दुसरा दस्त करून राज्याचे शुल्क ओढवून घेण्याचे कारण नाही. मी अशा वेळी वडिलांचे साधे पत्र घेते, ज्यात भेट दिल्याची आणि शेअर सुपूर्द केल्याची माहिती असते. काही सहकारी तरीही बक्षीसपत्र करतात आणि त्यावर किती मुद्रांक लावावा यावर त्यांच्यात एकमत नाही.

दालवाला_लातूर

वडिलांचे दोन फॉर्म आधी करतो. काकांशी दराबद्दल बोलणे झाले; ते म्हणतात की सीएंना विचारून ११० चा हिशेब समोर ठेव, मग ठरवू. तोवर विक्रीच्या फॉर्मवर कोणाचीही सही घेणार नाही. बक्षीसपत्राबाबत आणखी कोणाचा अनुभव असेल तर जरूर लिहावे.