शेवटच्या दिवसाचा निरोप तुम्ही कसा लिहिलात?

डिस्पॅचवाला: शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत नऊ वर्षं काढली. शुक्रवारी शेवटचा दिवस. निरोपाचा मेल तीनदा लिहून तीनदा खोडला. एकदा रडका झाला, एकदा थकलेल्या इन्क्रिमेंटचा राग बाहेर पडला. तुमचे अनुभव सांगा.

उद्यमनगरकर: मी सकाळी दहालाच पाठवला होता. दिवसभर लोक भेटायला येत राहिले. सकाळीच पाठव भावा.

एचआरवाली: भेटीगाठींसाठी सकाळ बरी, पण मग हँडओव्हर राहतो. जेवणानंतर पाठवा. पाचपर्यंत थांबू नका, कधीकधी आयडी आधीच बंद होतो. आणि सगळे पत्ते बीसीसीत टाका, नाहीतर 'ऑल द बेस्ट'चे चाळीस मेल सगळ्यांच्या डोक्यावर.

मजकुराचं म्हणाल तर 'सर्वांकडून खूप शिकलो' हे वाक्य कुणी वाचत नाही. घडलेला एक प्रसंग लिहा. रागाचा मसुदा घरी ठेवा. 'अडचणी असूनही' एवढे दोन शब्द राहिले तरी वाचणाऱ्याला वास येतो.

पाटील काका: नोटीस पिरियड एक महिना की तीन? आमच्या पोराचं अडलंय.

एचआरवाली: काका, ते नेमणूकपत्रात बघा. इथं निरोपाचं चाललंय.

डिस्पॅचवाला: हे बघा, चौथा मसुदा:

'मंडळी, आज माझा इथला शेवटचा दिवस. २०१९ च्या पुरात हायवे बंद झाला, भरलेल्या गाड्या गेटवर अडकल्या, तेव्हा कॅन्टीनच्या मावशींनी आपल्याबरोबर ड्रायव्हरांनाही पिठलं-भात वाढला. ते चार दिवस विसरणार नाही. माझ्याकडून चुकीची चलनं गेली, तीही तुम्ही सांभाळून घेतलीत. पेंडिंग मालाची यादी स्टोअरला दिली आहे. नंबर खाली आहे. रंकाळ्यावर दिसलो तर हाक मारा.'

एचआरवाली: झालं की! चुकांची कबुली मात्र काढा. गमतीनं लिहिली असली तरी लेखी राहते.

उद्यमनगरकर: काढू नका हो, तेच तर खरं वाक्य आहे. आणि साहेबांचं नाव नाही कुठं?

एचआरवाली: एकाचं घेतलं की दहा जण रुसतात. ज्यांचं खरंच देणं लागतो त्यांना वेगळं दोन ओळींत लिहा. चलनाचं तुमचं तुम्ही ठरवा.

शिक्षिका: आमच्या वडिलांनी निवृत्तीला भाषण लिहून नेलं आणि कागद खिशातच राहिला. 'बसा, चहा घ्या' एवढंच बोलले. अजून त्या चहाचीच आठवण काढतात लोक.

डिस्पॅचवाला: अडीचला पाठवला. चलनाचं वाक्य ठेवलं. साहेबांनी उत्तर दिलं नाही. फेटलिंगवाल्यांना मेलच नाही, म्हणून शिफ्ट सुटताना गेटवर उभा राहिलो. एक जण म्हणाला, "उद्या गाडी कितीला लावायची?" त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.