शिंप्याला चिठ्ठी: ‘बाही घट्ट’ की ‘मुंढा काचतो’?

टिळकवाडीकर: आईचा खणाचा ब्लाऊज शिवून आला, पण हात वर केला की काखेत काचतो. मास्तर शहापूरचे, घरी कन्नड, पण मराठी नीट वाचतात. आईला जाववत नाही, म्हणून चिठ्ठी देते. लिहिलंय: ‘मास्तर, नमस्कार. गळा अगदी मनासारखा झालाय. फक्त बाही घट्ट होते. सवडीनं परत करून द्याल का?’ ‘परत करून’मुळे पैसे मागतेय असं वाटेल का?

खानापूरकर: मुंढा म्हणजे खांदाच की ओ. ‘खांदा घट्ट’ लिहा, कुणालाही कळेल.

निपाणीची: खांदा नको! मास्तर वरची शिलाई उसवतील आणि चांगला बसलेला गळा उतरेल. खांद्याच्या टोकापासून काखेखालून फिरून परत वर येतो, जिथं बाही जोडतात, तो गोल म्हणजे मुंढा. मी ब्लाऊज शिवते. ‘बाही घट्ट’ वाचून मी दंडघेरच सोडला असता. आईला घालून बघ. वळ बाहीच्या काठापाशी उठला तर दंडघेर. काखेतून छातीकडे तिरक्या चुण्या ओढल्या तर मुंढा.

टिळकवाडीकर: तिरक्या चुण्याच. टेप फिरवला: मुंढा साडेचौदा इंच, आईच्या जुन्या ब्लाऊजचा सोळा. आत शिलाईपलीकडे सोडलेली माया एक इंच दिसते.

अनगोळची: माझ्या झंपरात मायाच नव्हती. काखेत खणाचा उरलेला तुकडा जोडून निभावलं. उरलं कापड टाकू नका.

निपाणीची: इथं माया आहे, तुकडा नको. आठ सुतांचा एक इंच. काखेत पुढून तीन सूत, मागून तीन सूत सोडले की सहा मिळाले. मुंढा दोन सूत खाली कोरला की आणखी चारेक. म्हणजे सव्वा इंच, मुंढा पावणेसोळा. बाहीही तेवढीच सोडायला हवी, नाहीतर गोलात बसत नाही. सोळाच्या हट्टानं आणखी खाली कोरू नये. हात उचलला की अख्खा ब्लाऊज वर चढतो. छातीत थोडं ढिलं होईल, म्हणून शिलाई खाली निमुळती आणायची. हे मास्तरांना शिकवू नकोस, फक्त कुठं काचतं ते सांग.

खानापूरकर: बरं, खांदा मागे घेतो. पण ‘काचतो’ लेखी बरं दिसतं का? आम्ही तर ‘काचूलालाय’ म्हणतो.

टिळकवाडीकर: ‘काचतो’च ठेवते. ‘घट्ट’मध्ये माप चुकल्याचा ठपका येतो, ‘काचतो’मध्ये आईचा त्रास येतो. आता असं:

‘मास्तर, नमस्कार. गळा आणि फिटिंग मनासारखं झालंय. दोन्ही मुंढे मात्र काखेत काचतात, हात वर करताना जास्त. आत माया दिसते, तेवढी उसवून मोकळं करून द्याल का? जास्तीची मजुरी सांगा. जुना ब्लाऊज मापाला पाठवते.’

अनगोळची: ‘मजुरी’ काढा. चूक त्यांची, पैसे का?

निपाणीची: राहू दे. उसवायला शिवण्याइतकाच वेळ जातो.

खानापूरकर: आमच्या गल्लीत ‘मुंडा’ म्हणतात, ‘ढ’ नाही. लिहिताना कुठलं धरायचं?