शब्दचर्चा: ‘विसर्ग गुणांक’ म्हणजे नेमकं काय, पाणी कमी होतं का?

सिव्हिलवाला_पोट्टा
नमस्कार मंडळी, नागपुरातच इंजिनिअरिंग करून राहिलो, तिसरं सेम. मराठीत डिस्चार्ज कोएफिशंटला ‘विसर्ग गुणांक’ म्हणतात असं सांगितलं पण अर्थ डोक्यात बसत नाहीये. व्हेंचुरीमीटरचं प्रॅक्टिकल होतं. पाइप 50 मिमी, थ्रोट 25 मिमी, मॅनोमीटरमधे पाऱ्याचा फरक 15 सेमी. टाकी 60 बाय 50 सेमीची, पाणी 20 सेमी चढायला 19.9 सेकंद लागले. याच रीडिंगवर आमच्या ग्रुपचा Cd 0.94 आला आणि बाजूच्या ग्रुपचा 0.977. सूत्र दोघांचंही हेच:

`Q = Cd × a1 × a2 × √(2gh) / √(a1² − a2²)`

माझा प्रश्न असा की 0.94 म्हणजे सहा टक्के पाणी मधेच कुठं जातं का? नाव ‘विसर्ग’ असल्यामुळं तसंच वाटून राहिलं.

शब्दवेडी
विसर्ग हा शब्द पेपरमधे रोज दिसतो की, पावसाळ्यात तोतलाडोहचे दरवाजे उघडले की ‘धरणातून विसर्ग सुरू’ अशी बातमी असते. म्हणजे सोडलेलं पाणी. मग विसर्ग गुणांक म्हणजे सोडलेल्या पाण्यापैकी खरं पोचलेलं किती, असंच ना? वाटेत जिरतं, वाफ होते ते वजा.

निवृत्त_अभियंता_धरमपेठ
नाही ताई, जिरणं-वाफेचा इथं संबंध नाही, तो हिशोब कालव्यात करतात. बंद पाइपात पाणी गळत नसेल तर जितकं थ्रोटमधून गेलं तितकंच टाकीत आलं, थेंबही इकडंतिकडं नाही. त्यामुळं बाळा, तुझं पाणी कुठंच गेलं नाही, तो विचार आधी सोड.

आता गुणांक कशाचा ते बघू. एनर्जी इक्वेशन आपण असं लिहितो:

`p1/w + v1²/2g + z1 = p2/w + v2²/2g + z2 + hL`

थ्रोटमधे पाण्याला जागा कमी म्हणून वेग वाढतो आणि वेगासाठी लागणारी ऊर्जा दाबातून येते, म्हणून तिथला दाब उतरतो. मॅनोमीटर हा उतार मोजतो. पण दाब दोन कारणांनी उतरतो, एक वेग वाढला म्हणून आणि दुसरं घर्षणात थोडी ऊर्जा गेली म्हणून, ती hL. पारा बिचारा दोन्ही एकत्रच दाखवतो, त्याला वेगळं काढता येत नाही. आपण सूत्र लावताना hL शून्य धरतो, म्हणजे सगळा उतार वेगाच्याच नावावर टाकतो आणि उत्तर फुगतं. ते फुगलेलं उत्तर खाली आणणारा आकडा म्हणजे Cd. थिअरीचं Q जास्त येतं, खरं पाणी तितकंच असतं.

सिव्हिलवाला_पोट्टा
सर हे भारी आहे, आत्ता लक्षात आलं. पण मग 0.94 की 0.977?

निवृत्त_अभियंता_धरमपेठ
ते तुझ्याच आकड्यांवर करू. 60 लिटर भागिले 19.9 सेकंद म्हणजे सुमारे 3.015 लिटर प्रति सेकंद, हे खरं. आता 15 सेमी पारा म्हणजे पाण्याचा किती हेड? तुम्ही 13.6 ने गुणलं असणार, 2.04 मीटर, त्यातून थिअरीचं Q 3.207 येतं आणि Cd 0.94. दुसऱ्या ग्रुपनं 12.6 ने गुणलं, 1.89 मीटर, Q 3.087, Cd 0.977. बरोबर ते. कारण मॅनोमीटरच्या नळ्या पाऱ्याच्या वर पाण्यानं भरलेल्या असतात. एका बाजूला जितका पारा उंच, तितक्याच उंचीचं पाणी दुसऱ्या बाजूला उभं असतं, ते उलटं ढकलतं, म्हणून 13.6 मधून 1 जातो. चांगल्या बनवलेल्या व्हेंचुरीचा Cd साधारण 0.98 च्या आसपास असतो, त्यामुळं 0.94 दिसलं की आधी हे तपासायचं.

आणि 0.977 चा अर्थ बघ, hL निघतो h × (1 − Cd²), म्हणजे 189 सेमीतले जवळपास 9 सेमी घर्षणात गेले, बाकी 180 वेगासाठी.

कोराडी_रोड
माझ्या माहितीप्रमाणे Cd कमी होण्याचं कारण धार आकुंचन पावणं आहे, वेना कॉन्ट्रॅक्टा. ऑरिफिसचा Cd 0.6 च्या आसपास त्यामुळंच येतो, आमच्या सरांनी हेच शिकवलं.

निवृत्त_अभियंता_धरमपेठ
ऑरिफिससाठी बरोबर आहे भाऊ. तिथं पाणी धारदार कडेवरून वळून पुढं अजून बारीक होतं, म्हणून भोकाचं क्षेत्रफळ धरलं की फरक मोठा पडतो. व्हेंचुरीत निमुळता भाग पाण्याला हळूहळू थ्रोटपर्यंत आणतो, धार भिंतीला चिकटूनच चालते, वेगळं आकुंचन जवळपास नाहीच. तिथं उरतो तो मुख्यतः घर्षणाचा भाग. नाव दोन्हीकडं Cd च, पण आत भरलेलं वेगळं.

शब्दवेडी
मग ‘विसर्ग गुणांक’ऐवजी ‘हानी गुणांक’ का म्हणू नये? अर्थ लगेच कळेल.

निवृत्त_अभियंता_धरमपेठ
तसं म्हटलं तर नवा गोंधळ होईल. Cd मधे फक्त इनलेट ते थ्रोटपर्यंतचं नुकसान येतं. थ्रोटच्या पुढं पाइप परत रुंद होतो, तिथं वेग कमी होऊन दाब बराचसा परत मिळतो, पण पूर्ण नाही. खरी हानी जास्त तिथंच होते आणि Cd ला तिचा पत्ताच नसतो, कारण दुसरी नळी थ्रोटलाच लावलेली. म्हणून तो रुंद होणारा भाग लांब आणि कमी कोनाचा ठेवतात, घाईनं रुंद केला तर पाणी भिंत सोडतं आणि भोवरे होतात. तेव्हा 0.98 वाचून ‘मीटरमुळं दोनच टक्के नुकसान’ असं पंपवाल्याला सांगू नये.

हिंगणा_एमआयडीसी_मेंटेनन्स
आमच्या इथं उभ्या लाइनवर व्हेंचुरी आहे, पाणी खालून वर जातं, दोन टॅपमधे 40 सेमीचं अंतर. मॅनोमीटर नाही, दोन प्रेशर गेज लावलेत. पंप बंद असला, लाइन भरून उभी असली तरी हिशोबात फ्लो येते. Cd बदलावा लागेल काय?

निवृत्त_अभियंता_धरमपेठ
Cd ला हात लावू नका दादा. तो फरक z चा आहे. पाणी उभं असताना खालचं गेज वरच्यापेक्षा 40 सेमी पाण्याइतकं, म्हणजे साधारण 0.04 किलो प्रति चौ. सेमी, जास्तच दाखवणार. दाबाच्या फरकातून ते वजा करा, मग h निघेल. यू-ट्यूब मॅनोमीटर असता तर नळ्यांतल्या पाण्यानं ते आपोआप वजा झालं असतं, त्यामुळं त्याला आडवं-उभं-तिरपं सारखंच. गेजेस एकाच उंचीवर आणून नळ्या पाण्यानं भरून ठेवल्या तरी काम होते.

सिव्हिलवाला_पोट्टा
एक शेवटचं सर. व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडला तेव्हा पारा फक्त 1 सेमी सरकला आणि 12.6 घेऊनही Cd 0.91 आला. हे काहून?

निवृत्त_अभियंता_धरमपेठ
दोन शक्यता. वेग कमी झाला की रेनॉल्ड्स नंबर उतरतो, तुझ्या पाइपात तो वीस हजाराच्या आसपास असेल, आणि तिथं घर्षणाचा वाटा वाढून Cd खरंच खाली येतो. दुसरी अशी की 10 मिमीत 1 मिमी चुकीचं वाचलं तर h दहा टक्क्यानं चुकतो, वर्गमुळामुळं Q पाचेक टक्क्यानं. शिवाय नळीत हवेचा बुडबुडा असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद केल्यावर दोन्ही पाय एका पातळीत येत नाहीत, ते आधी बघ.

कोराडी_रोड
मला वाटतं वाचनाचीच चूक, रेनॉल्ड्समुळं एवढा फरक पडणार नाही.

निवृत्त_अभियंता_धरमपेठ
एका रीडिंगवर मी ठरवणार नाही. पाऱ्याऐवजी उलटा पाणी-हवा मॅनोमीटर मिळाला तर तोच फरक तिथं 12 सेमीच्या वर दिसेल, मग 1 मिमीची चूक फारशी उरत नाही. तरीही 0.91 आला तर रेनॉल्ड्सकडं बघू.

सिव्हिलवाला_पोट्टा
लॅबमधे उलटा मॅनोमीटर आहे का ते विचारतो, मिळाला तर आकडे इथंच टाकतो.