अनुभव धागा: गरोदरपणात पडणं, पोटाला मार, गाडीवरून घसरणं

मीनल_ठाणे
एकतिसावा आठवडा चालू होता. गल्लीत कुत्रं आडवं आलं, नवऱ्याने करकचून ब्रेक मारला आणि स्कूटी आडवी झाली. मी कुशीवर पडले. खरचटलंसुद्धा नाही, म्हणून घरी येऊन चहा घेतला. दोनेक तासांनी पोट दगडासारखं कडक व्हायला लागलं. मिनिटभराने सैल पडायचं, की दहा मिनिटांत पुन्हा तेच. कंबर भरून आली होती. सोनोग्राफी एकदम व्यवस्थित आली, तरी डॉक्टरांनी घरी सोडलं नाही. पोटाला पट्टा लावून ठोके बघत रात्रभर ठेवलं. तुम्ही अशा वेळी काय केलंत?

सुमन काकू
मी तिसऱ्या महिन्यात जिन्यावरून चार पायऱ्या घसरले होते, काही झालं नाही. बाळ पाण्यात असतं गं, त्याला धक्का लागत नाही. उगाच घाबरू नका.

लेबररूमवाली
काकू, तिसऱ्या महिन्याचं खरं आहे, तेव्हा पिशवी ओटीपोटाच्या हाडांच्या आत असते. पाचव्या-सहाव्यानंतर ती वर आलेली असते. शिवाय पाणी बाळाला जपतं, वारेला नाही. पिशवी रबरासारखी ताणते, वार तशी ताणत नाही, त्यामुळे हिसक्याने ती कडेने सुटू शकते. रक्त कधीकधी तिच्या मागेच साठतं, बाहेर डागही दिसत नाही. सोनोग्राफीत अशी सुटलेली वार बऱ्याचदा कळत नाही, म्हणून निदान चार तास पट्टा लावतात.
पोट कडक होत राहिलं किंवा सतत दुखलं, लाल गेलं, पाणी गेलं, बाळ नेहमीपेक्षा कमी हललं, चक्कर आली, तर रात्र असली तरी निघायचं. आणि या दिवसांत पोटावरच मार बसला किंवा गाडीचा अपघात झाला, तर यातलं काही होईपर्यंत थांबू नये.

ओ_निगेटिव्ह
मी तिसाव्या आठवड्यात बाथरूममध्ये पोटावर आपटले. रक्तगट निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. अठ्ठाविसाव्याला ॲंटी-डीचं इंजेक्शन घेतलं होतं, म्हणून मी गप्प बसले. तपासणीत डॉक्टर म्हणाल्या, मार लागला की ते पुन्हा घ्यावं लागतं, तेही 72 तासांच्या आत. मी दुसऱ्या दिवशी पोचले म्हणून बरं. फाईल सोबत ठेवा.

कोल्हापूरची_प्राजू
पट्ट्याचं वाचलं. मी तर गाडीत सीटबेल्ट लावतच नाही, पोट दाबलं जातं. बरोबर ना?

लेबररूमवाली
अगं, तो पट्टा वेगळा! सीटबेल्ट लावायचाच. खालचा पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर घट्ट. तिरका छातीच्या मधून पोटाच्या कडेने. पोटावरून आडवा घेतला तर मात्र धोका.

दोन_लेकरं
माझा दोन वर्षांचा झोपेत पोटावर लाथा मारतो. दर वेळी जायचं का?

लेबररूमवाली
झोपेतल्या लाथेला नाही. पलंगावरून पोटावर उडी मारली तर फोन कर.

मीनल_ठाणे
मला रात्रभर ठेवलं, जावेला चार तासांत सोडलं होतं. हे कशावरून ठरतं?

लेबररूमवाली
तुझं पोट कडक होत होतं ना, तिचं होत होतं का ते विचार आधी.