मदत हवी आहे: वादविवादाचं प्रेझेंटेशन, सहा जणांत खंडन कुणी करायचं?

टिळकवाडीचा_बंड्या: नमस्कार मंडळी, मी बेळगावात बीकॉमला हाय. आमच्या ग्रुपला २० मिनिटांचं प्रेझेंटेशन वादविवादासारखं करायचंय, विषय 'उसाला ठिबक सक्तीचं करावं', तीन जण बाजूनं तीन विरोधात आणि मार्क सगळ्यांना मिळून. काल सराव केला तर पहिला म्हणतोय पाणी वाचतंय, समोरची म्हणतीय पाईपला पैसे कुठनं आणायचे, तिसरा परत पाणीच, कुणी कुणाला उत्तरच देईना झालंय. वाटणी कशी करू समजना.

निपाणीचा_शेतकरी: ठिबक घ्याच हो. माझ्या दीड एकराला हाय, फक्त उंदीर नळ्या कुरतडतात, त्याचं बघा.

बंड्या: काका, आम्हाला ठिबक बसवायचं नाही ओ 😅 पण उंदरांचा मुद्दा विरोधी बाजूला देतो.

सुनंदा_खानापूर: जो चांगला बोलतो त्याला समारोप द्या. खंडन आधीच लिहून पाठ करा, म्हणजे अडखळत नाही.

माजी_वादपटू: सुनंदाताई, निम्मं बरोबर. पाठ केलेलं खंडन समोरच्यानं तो मुद्दा काढलाच नाही तर हवेत जातं, आणि तुमचा चांगला बोलणारा मला समारोपापेक्षा खंडनाला हवा, कारण ऐकत ऐकत उत्तर जुळवायचं काम तिथंच असतं.

बंड्या, असं कर. दोन्ही बाजूंचा पहिला वक्ता ३-३ मिनिटं मुद्दे मांडेल, जास्तीत जास्त दोन. मग एक मिनिट थांबा. दुसरा वक्ता ३-३ मिनिटं फक्त खंडन. तिसरा २-२ मिनिटं समारोप, आणि त्यात विरोधी बाजू आधी बोलू दे, विषयाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा समारोप शेवटी. झाली १७, उरलेली ३ प्रश्नांना.

मार्क एकत्र आहेत ना, मग तीन दिवस आधी दोन्ही बाजूंनी आपापल्या मुद्द्यांची एकेक ओळ एकमेकांना द्या, अख्खं भाषण नको. 'पाणी वाचतं' ही ओळ हातात आली की विरोधी खंडनवाली पैशाकडं पळणार नाही, ती म्हणेल, वाचलेलं पाणी नदीत राहतं कुठं, शेतकरी त्याच पाण्यावर आणखी एकरभर ऊस लावतो. आता बाजूवाल्यांना उत्तर द्यावंच लागतं. वहीचं पान मधे दुमडा, डावीकडं ते काय म्हणाले, उजवीकडं आपलं उत्तर. उजवीकडं रिकामं दिसलं की कळतं कुठला मुद्दा तसाच सुटला.

समारोपात नवा मुद्दा नको, त्याला उत्तर द्यायला कुणी उरलेलं नसतं. उंदीर तिथं आणू नका 😄

सुनंदा_खानापूर: पण ओळी आधी दिल्या तर ते नाटक वाटणार नाही का?

माजी_वादपटू: थोडं वाटतं. पण कालच्यासारखं दोन रेडिओ एकदम लावल्यागत तरी होत नाही.

बंड्या: ओळी आज ग्रुपवर टाकतो. एकच अडचण, आमची खंडनवाली कन्नडात झटझट बोलती, मराठीत अडकती. कन्नडात बोललं तर चालेल का ते सरांना विचारू, का तिला समारोपाला टाकू?

निपाणीचा_शेतकरी: विचार की. आणि पानावर लिहून घे, फिल्टर धुतला नाही तर ठिबक चोंदतं.