मदत हवी आहे: अण्णा इमोजीचं कार्ड दाखवतात, पण ते हवं नसतंच

कृष्णाकाठ_वाई
अण्णांना (वय ७१) सात आठवड्यांपूर्वी पक्षाघात झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली होती. उजवा पाय थोडा हलतो, उजवा हात अजिबात नाही. बोलण्यात एकच शब्द उरलाय, "बरं". पाणी हवं तरी बरं, नको तरी बरं.

भाचीने सुचवलं म्हणून फोनवरच्या इमोजी मोठ्या करून चोवीस कार्डं छापली आणि झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेट करून आणली. भूक, तहान, संडास, झोप, दुखतंय, गरम होतंय, कंटाळा आलाय अशी. पलंगावरच्या टेबलावर आठ-आठच्या तीन ओळी मांडते आणि विचारते, "अण्णा, काय हवंय?" ते डाव्या हाताने लगेच बोट ठेवतात. पण ती वस्तू पुढे केली की ढकलून देतात. काल तीनदा 🍚 दाखवलं. तिन्ही वेळा लघवी लागली होती, ते चादर ओली झाल्यावर कळलं. नंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, जेवलेही नाहीत.

आई म्हणते, कार्डं बंद कर, त्यांना काही समजत नाही. मला ते पटत नाही. शेजारचे काका आले की चेहरा खुलतो, मॅचमध्ये विकेट पडली की मांडीवर हात मारतात. माझं कुठे चुकतंय?

समीर_ठाणे
त्यांना सगळं समजतंय ताई, फक्त शब्द बाहेर येत नाहीत. कार्डांचा खटाटोप कशाला? एकेक गोष्ट विचारत जा आणि मानेने हो-नाही करायला सांगा.

कृष्णाकाठ_वाई
करून बघितलं. प्रत्येक वेळी मान "हो" अशीच हलते. शेवटी विचारलं, "तुम्ही पुण्यात राहता का?" तरी हो. जन्म वाईत गेलाय त्यांचा.

शुभा_नाशिक
माझ्या आईचं बोलणं हळूहळू गेलं, मोटर न्यूरॉनचा आजार होता. आम्ही मुळाक्षरांचा तक्ता केला होता. ती एकेक अक्षर दाखवायची, आम्ही जुळवायचो. शेवटच्या महिन्यात तिने तक्त्यावरून मला लोणच्याचं प्रमाण सांगितलं. इमोजीपेक्षा अक्षरं द्या, माणूस हवं ते बोलू शकतो.

मीनल_स्पीच
मी स्पीच थेरपिस्ट आहे. शुभाताई, तुमच्या आईची जीभ आणि ओठ दुबळे झाले होते, भाषा शाबूत होती. म्हणून अक्षरं चालली. अण्णांच्या बाबतीत भाषेच्या जागेलाच धक्का बसलाय, शब्द जुळवणं त्यांना चित्रापेक्षा अवघड जाईल. समीर, तुमचं अर्धं बरोबर आहे. ओळख, आठवण, मॅच, हे सगळं शाबूत दिसतंय. पण ऐकलेलं वाक्य पुरतं समजतंय असं धरून चालू नका, आणि अशा पेशंटची "हो" सुरुवातीला भरवशाची नसते.

वाईच्या ताई, आधी एक गोष्ट तपासा. चोवीस कार्डं बाजूला ठेवा. दोनच घ्या, चहा आणि झोप. अण्णा ताजेतवाने असताना, चष्मा लावून, समोर शेजारी-शेजारी ठेवा आणि म्हणा, "चहा दाखवा." दहा वेळा. दर एक-दोन खेपांनंतर कार्डांच्या जागा बदला, कधी चहा विचारा, कधी झोप. ते काय चुकतात यापेक्षा कसे चुकतात ते लिहून ठेवा. जागा बदलल्या तरी तेच चित्र दाखवत राहिले तर मेंदू आधीच्या उत्तराला चिकटतोय. चित्र बदलतं पण बाजू तीच राहते, तर प्रश्न नजरेचा आहे. कशालाच धरबंध नसेल तर चित्रच कळत नाहीये.

कृष्णाकाठ_वाई
केलं. दहापैकी नऊ वेळा डाव्या हाताकडचं कार्ड, चित्र कुठलंही असो. आणि आत्ता लक्षात आलं, 🍚 माझ्या मांडणीत सगळ्यात डावीकडे होतं.

मीनल_स्पीच
ताटाचं काय? कुठली बाजू उरते?

कृष्णाकाठ_वाई
भाजी आणि आमटी! चटणी-कोशिंबीर संपते, भाजी तशीच. आम्हाला वाटलं तोंडाची चव गेली. आई रोज भाजी बदलून करत होती.

मीनल_स्पीच
मग उजवीकडचं त्यांना दिसत नसावं, किंवा तिकडे लक्ष पोहोचत नसावं. डाव्या मेंदूच्या झटक्यात हे बऱ्याचदा होतं आणि पेशंटला स्वतःला कळत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दृष्टीचं क्षेत्र तपासून घ्या. तोवर कार्डं आडवी नको, वरून खाली एका उभ्या रांगेत लावा, किंचित त्यांच्या डावीकडे. तुम्हीही डाव्या बाजूला बसा.

आता इमोजीबद्दल. आपण फोनवर रोज बघतो म्हणून त्या सोप्या वाटतात. 😪 म्हणजे झोप, पण नाकाशी तो थेंब बघून अण्णांना सर्दी किंवा रडणं वाटेल. 😴 वर इंग्रजी झेड आहेत. 🚽 मध्ये कमोड आहे, तुमच्याकडे पलंगावर लघवीचं भांडं असेल. वस्तूंसाठी घरातल्याच वस्तूंचे फोटो काढा, मागे साधी भिंत ठेवून, एका कार्डावर एकच वस्तू. त्यांचाच पेला, तेच भांडं. खाली मराठीत मोठा शब्द लिहा. चेहरे सध्या काढून टाका. दुखतंय का, हे रडक्या चेहऱ्यावरून विचारलं तर ते दुःख सांगतायत की दुखणं, हे आपल्यालाच कळत नाही. त्यापेक्षा माणसाच्या शरीराचं चित्र द्या, किंवा त्यांच्या अंगावर हात ठेवून विचारा. लुळ्या हाताचा खांदा आधी बघा. तिथे दुखणं फार वेळा असतं, तो हात धरून कधी उठवू नका.

दोन कार्डांवर दहापैकी आठ बरोबर आली की तिसरं. "यातलं नाही" हे लाल फुलीचं कार्ड मात्र दोन-तीन दिवसांतच आणा, नाहीतर त्यांना नकार द्यायला जागाच राहत नाही. आणि बोट ठेवलं की लगेच कृती नको. खरी वस्तू समोर धरा, हात पुढे येतो का बघा.

हेमंत_सांगली
एक विचारू का? पाण्याचं कार्ड ठेवताय, पण गिळताना ठसका लागतो का? आमच्या काकांना पातळ पाणी बंद होतं.

कृष्णाकाठ_वाई
चहाने लागतो. डॉक्टरांनी घट्ट करून द्यायला सांगितलंय. म्हणून मी पाण्याचं कार्डच लपवलं होतं.

मीनल_स्पीच
लपवू नका. तहान लागली हे सांगता आलंच पाहिजे. मागितल्यावर सांगितलंय तसं घट्ट करून, बसवून, चमच्याने द्या.

कृष्णाकाठ_वाई
अडीच आठवड्यांनी लिहितेय. आता पेला, भांडं, पंखा, चादर आणि लाल फुली, पाच कार्डं उभ्या रांगेत. भांडं बहुतेक वेळा बरोबर येतं. परवा चारही फोटो सोडून फुलीवर बोट ठेवलं. आम्ही वीस मिनिटं शोधत होतो, शेवटी कळलं की चष्म्याची काच पुसायची होती. आईने स्वतः चष्म्याचा फोटो काढायला सांगितला.

पण विचारल्याशिवाय ते कार्डाला हात लावत नाहीत. रात्री भिजलेलेच सापडतात. उशाशी घंटी ठेवली, वाजवत नाहीत. काय करू?

मीनल_स्पीच
विचारल्यावर दाखवणं आणि आपणहून मागणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. दुसरी काहींना महिन्यांनी जमते, काहींना नाही, आत्ता सांगता येणार नाही. तुम्ही स्वतः बोलताना कार्डावर बोट ठेवत जा, "मी पंखा लावते" म्हणताना पंख्यावर. घंटी त्यांच्या डावीकडेच आहे ना? आणि रात्री कार्डांवर विसंबू नका, झोपण्याआधी आणि मध्ये ठरावीक वेळेला उठवून भांडं द्या.

कृष्णाकाठ_वाई
घंटी उजवीकडे होती. आत्ता हलवली.